सकीफा ते करबला : सुन्नी आणि शिया वाटा कशा वेगळ्या झाल्या

इ.स. 632 च्या जून महिन्यात मदिना शहरात महंमद पैगंबरांचे निधन झाले. ते धर्मसंस्थापक होते, तसेच नव्याने उभ्या राहिलेल्या राज्याचे प्रमुखही होते. न्यायनिवाडा, करवसुली, लढाई आणि तह ही सारी कामे त्यांच्या शब्दावर चालत. त्यांच्यानंतर पैगंबर होणार नाही, याविषयी मुसलमानांत दुमत नव्हते. प्रश्न होता तो या समुदायाचे नेतृत्व कोणी करायचे आणि ते कोणी ठरवायचे, एवढाच. सुन्नी आणि शिया परंपरांमधील भेदाचे मूळ या प्रश्नात आहे. मात्र त्या दिवशी मदिनेत ‘सुन्नी’ आणि ‘शिया’ असे दोन पंथ समोरासमोर उभे नव्हते. आज दिसणारे त्यांचे रूप घडायला पुढची दोन-तीन शतके लागली.

मदिनेत तेव्हा मुसलमानांचे दोन मोठे गट होते. मक्केहून पैगंबरांबरोबर घरदार सोडून आलेले ते मुहाजिर आणि त्यांना आसरा देणारे मदिनेचे मूळ रहिवासी ते अन्सार. निधनाची बातमी पसरताच अन्सारांपैकी अनेक जण बनू साइदा या कुळाच्या छपराखालील बैठकीच्या जागी जमले. या जागेला सकीफा म्हणत. खजरज टोळीचे प्रमुख साद इब्न उबादा यांना नेता करावे, असा तिथे विचार चालला होता. हे कळताच अबू बक्र, उमर आणि अबू उबैदा हे तिघे मुहाजिर तिकडे गेले. अन्सारांचे उपकार अबू बक्रांनी मान्य केले, पण अरबस्तानातील टोळ्या कुरैश सोडून दुसऱ्या कोणाचे नेतृत्व मानणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले. ‘एक नेता आमचा, एक तुमचा’ अशी तडजोडही सुचवली गेली. औस ही मदिनेची दुसरी टोळी. खजरजच्या हाती सत्ता जावी असे तिला वाटत नव्हते. वादावादी वाढत असताना उमर यांनी अबू बक्रांचा हात हातात घेऊन निष्ठेची शपथ, म्हणजे बैअत दिली. पाठोपाठ इतरांनीही दिली आणि अबू बक्र पहिले खलिफा झाले.

पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई अली या बैठकीत नव्हते. ते आणि घरची मंडळी अंत्यविधीच्या तयारीत होती. अलींनी अबू बक्रांना बैअत दिली ती काही काळाने. सुन्नींच्या प्रमाण हदीससंग्रहातील एका वृत्तांतानुसार सुमारे सहा महिन्यांनी, पत्नी फातिमा यांच्या निधनानंतर. सुन्नी परंपरेच्या मते सकीफातला निर्णय घाईत झाला असला तरी त्याने फूट टाळली आणि समुदायाने तो स्वीकारला, म्हणून तो वैध ठरला. शिया परंपरेचा आक्षेप निवडीच्या रीतीपुरता नाही. पैगंबरांनी उत्तराधिकारी आधीच नेमला होता, त्यामुळे निवडीचा प्रश्नच उद्भवत नव्हता, असे ती मानते.

या म्हणण्याचा मुख्य आधार आहे गदीर खुम्म येथील प्रसंग. निधनाच्या काही महिने आधी, अखेरची हजयात्रा आटोपून परतताना पैगंबर मक्का आणि मदिना यांच्यामधील या पाणवठ्यापाशी थांबले. जमलेल्या यात्रेकरूंसमोर त्यांनी ‘मी ज्याचा मौला, अलीही त्याचे मौला’ अशा आशयाचे उद्गार काढले. हा प्रसंग घडला हे दोन्ही परंपरांना मान्य आहे; मतभेद अर्थाविषयी आहे. अरबीत ‘मौला’ म्हणजे स्वामी आणि पालक, तसाच मित्र आणि पाठीराखाही. अलींच्या नेतृत्वाखालील एका मोहिमेत त्यांच्याविषयी कुरबुर झाली होती. ती शमवण्यासाठी पैगंबरांनी अलींवर प्रेम आणि विश्वास ठेवा असे सांगितले, असे सुन्नी विद्वान म्हणतात. शिया विद्वान विचारतात, एवढ्यासाठी इतका मोठा जमाव वाटेत थांबवला असता का? त्यांच्या दृष्टीने ती नेमणुकीची घोषणा होती. या काळाची सविस्तर लिखित माहिती 100 वर्षांहून अधिक काळानंतरची आणि दोन्ही बाजूंच्या आठवणींतून आलेली आहे. त्यामुळे केवळ कागदपत्रांच्या आधारे हा वाद निकाली निघत नाही.

पुढच्या निवडींना ठरावीक पद्धत नव्हती. अबू बक्रांनी मृत्यूपूर्वी उमर यांचे नाव सुचवले. 644 मध्ये उमर यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला, तेव्हा त्यांनी सहा जणांची समिती नेमली. अखेर नावे उरली दोन, अली आणि उस्मान. निर्णय अब्दुर्रहमान इब्न औफ यांच्याकडे होता. कुराण, पैगंबरांचा आदर्श आणि आधीच्या दोन खलिफांचा पायंडा या तिन्हींनुसार चालाल का, असे त्यांनी दोघांना विचारल्याचे वृत्तांत सांगतात. उस्मान यांनी बिनशर्त होकार दिला. अलींचे उत्तर मात्र मोघम, आपल्या कुवतीनुसार व समजुतीनुसार चालेन अशा आशयाचे होते. खलिफापद उस्मान यांना मिळाले. इथे प्रश्न व्यक्तीच्याही पुढे गेलेला दिसतो. आधीच्या खलिफांचा निर्णय पुढच्यांवर बंधनकारक असतो का, हाच तो प्रश्न.

656 मध्ये असंतुष्टांच्या बंडात उस्मान मारले गेले आणि अली चौथे खलिफा झाले. उस्मानांच्या मारेकऱ्यांना आधी शासन व्हावे, या मागणीवरून यादवी पेटली. सीरियाचे सुभेदार आणि उस्मानांचे नातलग मुआविया यांच्याशी 657 मध्ये सिफ्फीन येथे अलींची लढाई झाली. ती लवादावर थांबली आणि निर्णायक ठरली नाही. लवाद मान्य नसलेला खारिजी गट अलींपासून फुटला. त्याच गटातल्या एकाने 661 मध्ये कुफा येथे अलींची हत्या केली. अलींचे थोरले पुत्र हसन यांनी रक्तपात टाळण्यासाठी मुआवियांशी तह करून सत्ता सोडली. ‘शिया’ हे नाव याच संघर्षातले. ‘शीअत अली’ म्हणजे अलींचा पक्ष. तेव्हा ते राजकीय निष्ठेचे नाव होते.

या निष्ठेला धार्मिक खोली आली ती करबलामुळे. 680 मध्ये मुआवियांनंतर त्यांचे पुत्र यझीद गादीवर आले. अलींचे धाकटे पुत्र हुसेन यांनी त्यांना बैअत देण्यास नकार दिला. कुफातील लोकांनी पाठिंब्याची पत्रे पाठवली म्हणून हुसेन कुटुंबासह तिकडे निघाले. तोवर तिथल्या सुभेदाराने शहर मुठीत आणले होते आणि हुसेन यांच्या दूताला ठार केले होते. वाटेत करबला येथे सैन्याने त्यांना अडवले आणि फुरात नदीचे पाणी तोडले. मुहर्रमच्या दहाव्या दिवशी हुसेन आणि परंपरेनुसार त्यांचे 72 साथीदार मारले गेले. पत्रे लिहूनही मदतीला न गेल्याची सल कुफात राहिली आणि काही वर्षांतच ‘तव्वाबीन’, म्हणजे पश्चात्ताप करणारे, या नावाने एक गट शस्त्र घेऊन उभा राहिला. हुसेन यांच्या हौतात्म्याचा शोक सुन्नींनाही आहे. शियांच्या धर्मजीवनात मात्र तो केंद्रस्थानी आला.

सिद्धांत त्यानंतर घडत गेले. आठव्या शतकात जाफर अस्सादिक यांच्या काळात शियांची इमामाविषयीची कल्पना स्पष्ट झाली. इमाम अली व फातिमा यांच्या वंशातला असतो, आधीच्या इमामाकडून नेमला जातो आणि धर्माचा अर्थ सांगताना चुकत नाही. सुन्नी विचारात खलिफा हा राज्य आणि समाजव्यवस्था सांभाळणारा माणूस. तो चुकू शकतो. धर्माचा अर्थ लावण्याचे काम कुराण, हदीस आणि विद्वानांची सहमती यांच्या आधारे चालते. पहिले चारही खलिफा सुन्नींना आदर्श वाटतात, त्यांत अलीही आहेत.

इमाम वंशपरंपरेने येतो म्हटल्यावर वारस कोण, हा प्रश्न शियांमध्येही उद्भवला. 765 मध्ये जाफर अस्सादिक यांचे निधन झाल्यावर त्यांचे पुत्र इस्माईल यांची शाखा मानणारे इस्माईली ठरले. मुंबईतील दाऊदी बोहरा आणि आगाखानी खोजा हे समाज याच शाखेतून आले. दुसरे पुत्र मूसा यांची परंपरा मानणारे बारा इमामी झाले. त्यांचे बारावे इमाम नवव्या शतकात दृष्टीआड गेले आणि ते परत येतील, अशी त्यांची श्रद्धा आहे. इराण आणि इराकमधील बहुसंख्य शिया बारा इमामी आहेत. इमाम दृष्टीआड असताना धर्माचा अर्थ कोणी सांगायचा, हा पेच त्यांच्यापुढेही आला आणि हळूहळू ती जबाबदारी त्यांच्या विद्वानांकडे गेली.