एकाच राजाच्या आज्ञा, दोन दिशांना

इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या धर्माज्ञा देशभर खडकांवर कोरवून घेतल्या. मुंबईजवळच्या सोपाऱ्याला 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना त्यांपैकी आठव्या आज्ञेचा एक तुकडा सापडला. तो ब्राह्मी लिपीत आहे आणि आपण मराठी वाचतो तसा डावीकडून उजवीकडे वाचायचा. आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढी आणि मानसेहरा इथे त्याच आज्ञा खरोष्ठी लिपीत कोरल्या आहेत, आणि तिथे मजकूर उजवीकडून डावीकडे जातो. राजा एक, काळ एक, मजकूर बहुतांशी तोच, साधनही तेच: खडक, छिन्नी आणि हातोडा. तरी दिशा उलटी.

लिपी अमुक दिशेने का जाते, याची जी उत्तरं नेहमी ऐकू येतात, ती या दोन खडकांपुढे टिकत नाहीत. एक उत्तर असं: पाथरवटाच्या उजव्या हातात हातोडा आणि डाव्या हातात छिन्नी असते, म्हणून त्याला उजवीकडून सुरुवात करणं सोयीचं पडतं. दुसरं असं: शाईने लिहिणाऱ्याचा हात ओल्या अक्षरांवरून फिरू नये, म्हणून उजव्या हाताची माणसं डावीकडून उजवीकडे लिहू लागली. दोन्ही ऐकायला पटतात. पण गिरनारच्या आणि शाहबाजगढीच्या पाथरवटांची साधनं वेगळी नव्हती. आणि शाईचंच कारण खरं असतं, तर शतकानुशतकं बोरूने आणि शाईनेच लिहिली गेलेली अरबी उजवीकडून सुरू झालीच नसती. हाताची सोय एखाद्या दिशेला थोडाफार हातभार लावत असेल, पण ती दिशा ठरवत नाही.

दिशा येते ती बहुतेक वेळा वारशाने. वायव्येकडचा गांधार प्रदेश अशोकाच्या आधी इराणच्या हखामनी साम्राज्यात होता. त्या साम्राज्याचा कारभार आरामी भाषेत आणि आरामी लिपीत चाले, आणि ती लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जाई. तिथल्या लेखनिकांनी आपल्या बोलीसाठी खरोष्ठी घडवली, तेव्हा आरामी अक्षरांच्या वळणांबरोबर तिची दिशाही उचलली. स्वरांच्या खुणा त्यांनी भारतीय पद्धतीने बसवल्या, पण ओळीची वाट बदलली नाही. आरामीपासूनच पुढे हिब्रूची चौकोनी अक्षरं आणि अरबी लिपी निघाली. त्याही उजवीकडूनच चालतात.

ब्राह्मीचं मूळ मात्र अजून वादाचं आहे, आणि त्या वादात दिशेलाच साक्षीला उभं केलं गेलं. जर्मन पंडित गेओर्ग ब्यूलर यांचं मत होतं की ब्राह्मीही पश्चिम आशियातल्या लिपीतून आली. ते खरं, तर ती कधीतरी उजवीकडून डावीकडे लिहिली जात असणार. पुरावा म्हणून त्यांनी मध्य प्रदेशातल्या एरणच्या एका जुन्या नाण्याकडे बोट दाखवलं. त्यावर धमपाल राजाचं नाव ब्राह्मीत आहे, आणि ते उजवीकडून डावीकडे वाचावं लागतं.

इथे जरा थांबायला हवं. नाणं ठशाने पाडतात, आणि ठशातलं अक्षर नाण्यावर उलटं उमटतं. म्हणून ठसा कोरणाऱ्याला प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं कोरावं लागतं. तो हे विसरला आणि अक्षरं सरळ कोरून बसला, तर नाण्यावरचं नाव आपोआप उलट्या दिशेने जातं. म्हणजे एरणचं नाणं एका जुन्या प्रथेचा अवशेष असू शकतं, तसंच एका कारागिराची साधी चूकही. मला दुसरी शक्यता जास्त पटते. ठशाने उमटवलेल्या एकाच वस्तूवरून लिपीची दिशा ठरवू नये. त्यासाठी हाताने थेट लिहिलेला किंवा कोरलेला पुरावा हवा.

तसा एक पुरावा पुढे मिळाला, पण त्यानेही वाद मिटला नाही. आंध्रातल्या एर्रगुडी इथल्या अशोकाच्या लघु शिलालेखात काही ओळी डावीकडून उजवीकडे, तर काही उजवीकडून डावीकडे जातात. शेतकरी नांगराचं एक तास संपवून तिथूनच औत वळवतो, तशी ही रीत. ग्रीकांकडे ती एका टप्प्यावर चांगलीच रुळली होती. त्यांनी लिपी फिनिशियन लोकांकडून घेतली, म्हणून त्यांचे सुरुवातीचे बरेच लेख उजवीकडून डावीकडे आहेत. मग आलटून पालटून लिहिणं आलं. क्रीट बेटावरच्या गोर्टिन इथली, इ.स.पूर्व पाचव्या शतकातली कायद्याची भिंत अशीच कोरलेली आहे. तिथे ओळ उलटी वळली की अक्षरांची तोंडंही वळतात. त्यानंतर ग्रीक लिपी डावीकडून उजवीकडे स्थिरावली. एर्रगुडीत मात्र हा खेळ ठरलेल्या क्रमाने चालत नाही, आणि भोवतालच्या कुठल्याही लेखात तो दिसत नाही. म्हणून त्यात ब्राह्मीचं बालपण शोधण्यापेक्षा एका लेखनिकाची लहर मानणं मला अधिक योग्य वाटतं.

कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीला तर खुद्द लेखनिकच आपल्याला भेटतो. अशोकाच्या तिथल्या ब्राह्मी लेखाच्या शेवटी चपड नावाच्या माणसाने हे आपण लिहिलं असं नोंदवलं आहे. त्या नोंदीतला ‘लिपिकराने’ या अर्थाचा शेवटचा शब्द मात्र त्याने खरोष्ठीत लिहिला, उजवीकडून डावीकडे. दक्षिणेत त्या काळी खरोष्ठी वाचणारं कोणी असण्याची शक्यता फार कमी. बहुधा चपड वायव्येकडे शिकलेला असावा आणि आपली विद्या त्याला दाखवायची असावी. पण आपल्या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर दुसरीकडे मिळणं कठीण. एकच माणूस एकाच नोंदीत दोन्ही दिशांनी लिहितो. लिपी बदलली की त्याची दिशा बदलते. दिशा हाताची नाही, लिपीची आहे.

महाराष्ट्रातही या दोन दिशा शेजारी नांदल्या. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्या नाण्यांवर राजाचं नाव ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिपींत आहे. नहपानाचा पाडाव करून गौतमीपुत्र सातकर्णीने त्यातल्या बहुतेक नाण्यांवर आपला ठसा मारला. त्या ठशावर खरोष्ठी नाही. पुढे काही शतकांत ती लिपी वायव्येतूनही नाहीशी झाली. देवनागरी, मोडी, कन्नड, तमिळ या ब्राह्मीच्या लेकी डावीकडून उजवीकडेच चालत राहिल्या.

उभ्या लिपींमध्येही वारसा असाच ओळखता येतो. चिनी लेखन वरून खाली आणि स्तंभ उजवीकडून डावीकडे असं चाले. बांबूच्या अरुंद पट्ट्यांवर लिहिण्याशी ते जुळणारं होतं. मंगोल लिपीही वरून खाली लिहितात, पण तिचे स्तंभ डावीकडून उजवीकडे जातात. ती चिनीसारखी दिसली तरी चिनीची कोणी नाही. मंगोल मजकुराचं पान घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक काटकोन फिरवून पाहा. ओळी आडव्या होतात, उजवीकडून डावीकडे जातात आणि एकीखाली एक येतात. मंगोलांनी ही लिपी उइगुरांकडून घेतली, उइगुरांनी सोग्दियनांकडून, आणि सोग्दियन लिपी आरामीच्याच घराण्यातली. वाटेत कधीतरी पान काटकोनात वळलं, एवढाच फरक.

चीनने 1956 साली आपलं मुख्य वृत्तपत्र आडवं, डावीकडून उजवीकडे छापायला घेतलं आणि वाचकांना ते जमलं, कारण चिनी अक्षर हे सुटं चौकोनी असतं. ते कुठल्याही बाजूने रचलं तरी वाचता येतं. मंगोल अक्षरं एका उभ्या कण्याला जोडलेली असतात. ती आडवी करायची तर अख्खा शब्द आडवा पडतो. म्हणूनच आडव्या ओळी गृहीत धरून बांधलेल्या संगणकांवर मंगोल मजकूर नीट उभा राहायला इतका त्रास पडतो.