एका अक्षराची माया

माद्रिदचं आतोचा स्टेशन. तोलेदोची शेवटची गाडी चुकलेली सोळा वर्षांची मुलगी बाकावर बसली आहे. शेजारी एक अनोळखी बाई. कुमारवयीन वाचकांसाठी स्पॅनिशमध्ये अशी गोष्ट लिहायची, तीही बहुतेक संवादांतून, तर बाईचा चांगुलपणा दाखवायचा कसा? हा प्रसंग रचून पाहू.

स्पॅनिश पुस्तकांत संवाद सहसा अवतरणचिन्हांत नसतो. प्रत्येक बोलणं लांब आडव्या रेघेनं सुरू होतं. ‘राया’ म्हणतात तिला.

— तिएने कार्गादोर?

म्हणजे, ‘तुमच्याकडे चार्जर आहे?’ बाई चार्जर देते, घरी फोन लावून देते आणि म्हणते:

— तुतेआमे.

म्हणजे ‘मला अरे-तुरे कर’. आपल्यासारखंच यासाठी तिथे स्वतंत्र क्रियापद आहे, ‘तुतेआर’. थोड्या वेळानं मुलगी विचारते:

— तिएनेस इखोस?

‘तुला मुलं आहेत?’ सर्वनाम कुठेच नाही; क्रियापदाला फक्त एक ‘स’ लागला आणि परकेपणा गळाला. लेखकानं ‘तिला धीर आला’ असं वर लिहिलं, की त्या ‘स’ची जादू जाते. नवखे लेखक इथेच फसतात.

मराठी भाषांतरात अडचण येते. आपली मुलगी पहिल्याच वाक्यात ‘काकू’ म्हणेल आणि मग ओलांडायला अंतरच उरणार नाही. गोष्ट ब्वेनोस आयरेसला नेली तरी अक्षर बदलेल: तिथे ‘तिएनेस’ नव्हे, ‘तेनेस’ म्हणतात.