पंचवीस टक्क्यांचे चोवीस कसे होतात?

नवी कररचना निवडलेल्या भारतीय कंपनीला अधिभार आणि उपकर धरून 25.17 टक्के कर लागतो. ताळेबंदात मात्र वेगळाच दर दिसतो. ‘इंड एएस 12’ या मानकानुसार ही तफावत टिपांमध्ये उलगडून दाखवावी लागते.

समजा, करपूर्व नफा 100 कोटी आहे. म्हणजे कर 25.17 कोटी. सीएसआरवरचे 2 कोटी खर्च म्हणून करात कधीच वजा होत नाहीत, म्हणून 50 लाख वाढतात. शेतीचे 6 कोटी उत्पन्न करमुक्त, म्हणून 1.51 कोटी घटतात. उरतात 24.16 कोटी, म्हणजेच 24.16 टक्के.

घसाऱ्यातला फरक इथे येत नाही. तो पुढे भरून निघतो आणि स्थगित करात आधीच धरलेला असतो.

‘इतर’ या ओळीत मोठी रक्कम दिसली, तर भागधारकांनी खुलासा मागावा.