चोवीस तासांचा इंग्रजी वर्ग

सोसायटीच्या किंवा महिला मंडळाच्या ग्रुपवर मोठ्यांच्या इंग्रजी संभाषणवर्गाची जाहिरात आली, की तिच्यात बहुधा एक वचन ठरलेलं असतं: महिन्याभरात फाडफाड इंग्रजी. ते पाळता येत नाही. भाषेची एक पातळी ओलांडून पुढच्या पातळीवर जायला साधारण २०० तासांचं शिक्षण धरतात. आठवड्यातून तीन दिवस, रोज एक तास, असा दोन महिन्यांचा वर्ग होतो २४ तासांचा. तेवढ्यात चार-पाच प्रसंग मात्र पक्के होतात, आणि जाहिरातीत तेच प्रसंग नावानिशी यावेत.

वर्ग कोणासाठी, हेही स्पष्ट हवं. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी शाळेत गेलेले बहुतेक जण पाचवीत एबीसीडी शिकले. त्यांना पाटी वाचता येते, मेसेज समजतो. बोलायची वेळ आली की वाक्य घशात अडतं. ‘अगदी शून्यापासून’ असं लिहिलं, की हा माणूस वर्ग आपला नाही असं समजून पुढे जातो.

समजा, वर्ग सोसायटीच्या हॉलमध्ये सुरू होतोय. मजकूर असा लिहिता येईल:

‘नमस्कार. इंग्रजी वाचता येतं, पण बोलताना अडतं, अशा मोठ्यांसाठी वर्ग सुरू करत आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी ३ ते ४, सोसायटीचा हॉल. दोन महिन्यांत पाच प्रसंगांचा सराव: बँकेला फोन, डॉक्टरांना त्रास सांगणं, मुलांच्या शिक्षकांशी बोलणं, मुलाखतीत स्वतःची ओळख, प्रवासातली चौकशी. जागा दहाच. परीक्षा नाही. पहिला तास मोफत; फी, माझं शिक्षण आणि अनुभव त्या तासाला सांगेन. यायचं असेल तर ग्रुपवर न लिहिता मला वेगळा मेसेज करा.’

शेवटचं वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. शेजाऱ्यांसमोर ‘मला इंग्रजी येत नाही’ असं जाहीर करायला माणूस कचरतो. ग्रुपवर नावं मागवली, की ज्यांना खरी गरज आहे तेच गप्प राहतात. वेळही विचारपूर्वक ठरवावी. दुपारी तीनला गृहिणी येतील, नोकरदार येणार नाहीत. त्यांच्यासाठी रात्री साडेआठची वेगळी तुकडी लागेल.

‘जागा दहाच’ यामागे साधा हिशेब आहे. तासातली २० मिनिटं शिकवण्यात गेली आणि उरलेल्या ४० मिनिटांत एकेकाला उभं केलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं येतात. जोड्या करून बोलतं केलं, तर प्रत्येकाला २० मिनिटं मिळतात. पण एकाच वेळी पाच जोड्यांच्या चुका ऐकणं हे एका शिक्षकासाठी पुष्कळ झालं. मोफत तासाला जाणाऱ्याने एवढंच पाहावं: आपण स्वतः किती मिनिटं बोललो. तासभर फळ्यावरचे काळ वहीत उतरवून घेतले असतील, तर तो संभाषणाचा वर्ग नव्हे.