काळ्या स्कॉर्पिओवरचं आभाळ

वाशीम जिल्ह्यात काळी स्कॉर्पिओ शोधत फिरावं लागत नाही. २००२ साली महिंद्राने बाजारात आणलेली ही गाडी लग्नाच्या वरातीपासून प्रचाराच्या ताफ्यापर्यंत सगळीकडे दिसते. फोटोवरून मार्करने गाडीचं संकल्पनाचित्र काढायला शिकणाऱ्याला ती सोयीची. पांढऱ्या बोलेरोच्या पत्र्यावर प्रतिबिंब जेमतेम कळतं. काळ्या पत्र्यावर मात्र आभाळ, कडुनिंब, विजेचा खांब, फोटो काढणारासुद्धा उमटतो. अडचणही तीच.

फोटो समोरची आणि एक बाजू मिळून दिसेल असा, हेडलाइटच्या उंचीला वाकून काढतात. मोबाइल फार जवळ नेला की पुढचं चाक फुगतं, म्हणून चार पावलं मागे सरून झूम करणं बरं. मग खिडकीच्या काचेवर प्रिंट धरून त्यावर पातळ कागद ठेवायचा आणि बाह्यरेषा उतरवायची. चाकांकडे विशेष लक्ष हवं. लंबवर्तुळाचा आखूड अक्ष चाकाच्या आसाच्या दिशेत नसला, तर चाक निखळायला आल्यासारखं दिसतं.

यानंतरचं काम नकलेचं नाही, निवडीचं. आभाळाकडे तोंड असलेला पत्रा, म्हणजे बॉनेट आणि टप, आभाळ दाखवतो, म्हणून तो उजळ. दारांच्या उभ्या पत्र्यावर क्षितिज येतं. त्याखाली, पत्रा आत वळतो तिथे, जमीन. फोटोतल्या पन्नास ठिपक्यांतून चित्रकार एवढंच ठेवतो. खांब आणि फांद्या सरळ गाळतो. अमेरिकी स्टुडिओंतून आलेली जुनी रीत वर निळं आभाळ आणि खाली वाळवंटाचा पिवळा रंग भरते. रिसोड रस्त्यावरच्या गाडीला हा पिवळा कशाला? उन्हाळ्यात तिच्या दारावर आधी झाडांची गडद रांग, मग नांगरलेलं काळं रान आणि अगदी खाली धुळकट रस्त्याची फिकट पट्टी दिसते. ऑगस्टमध्ये मधली पट्टी सोयाबीनची हिरवी होते.

मार्करमधलं अल्कोहोल झपाट्याने वाळतं. अर्धवट भरून थांबलं की वाळलेल्या कडेवर दुसरा हात बसतो आणि गडद पट्टा उठतो. म्हणून एक आकार ओला असतानाच पुरा करायचा, फिकट राखाडीकडून गडदकडे जायचं आणि चमकेसाठी कोरा कागद आधीच सोडायचा. रेषेच्या पेनाची शाई अल्कोहोलने पसरते का, हे रद्दी कागदावर तपासून घ्यावं.

गडद रेषा सगळीकडे सारख्या जाड ठेवल्या की चित्र रंगवायच्या वहीतलं वाटतं. दाराखालची कड आणि चाकावरची कमान जाड. बॉनेटवर, उजेड पडतो तिथे, रेषा बारीक होते किंवा तुटते. मागे काहीच काढायचं नाही. मात्र गाडीखाली सावलीचा गडद पट्टा हवाच, नाहीतर कोऱ्या कागदावर ती तरंगते. गाडी काळी असली तरी निव्वळ काळा मार्कर या सावलीत आणि चाकांच्या कमानीतच वापरावा. दारांवरही तो फिरवला, तर पत्र्याची चमक जाते आणि चित्र बाद होतं.