शेवटच्या गटाचं घड्याळ

मॅरेथॉनच्या आठवडाभर आधी आयोजकांचं सूचनापत्रक येतं. बहुतेक जण बिब कुठे मिळणार आणि सामान कुठे ठेवायचं एवढं पाहून ते मिटतात. साडेतीन तासांत ४२.१९५ किलोमीटर संपवणाऱ्याचं तेवढ्यावर भागतंही. ज्याला साडेसहा-पावणेसात तास लागणार आहेत, त्याने मात्र ते पेन्सिल हातात घेऊन वाचावं. त्यातल्या जवळपास प्रत्येक ओळीचा त्याच्या मिनिटांशी संबंध असतो.

सुरुवात बिबपासूनच. मुंबई मॅरेथॉनमध्ये बिब शर्यतीच्या दिवशी मिळत नाही; आधीच्या दिवसांत एक्स्पोमध्ये जाऊन, ओळखपत्र दाखवून ते घ्यावं लागतं. त्याच्या पाठीमागे एक पातळ पट्टी चिकटवलेली असते, ती टायमिंग चिप. तिच्यात बॅटरी नसते. रस्त्यावर अंथरलेल्या मॅटमधल्या अँटेनातून रेडिओलहरी निघतात, त्यांच्याच ऊर्जेवर चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. म्हणून चिप अंगापासून किंचित दूर राहावी यासाठी काही बिबांवर तिच्याभोवती फोमचा तुकडा लावलेला असतो. घामाने चिंब बनियनच्या आत दडलेलं, कमरेला मागे लटकवलेलं किंवा घडी घातलेलं बिब मॅटला न दिसण्याची शक्यता असते. मधल्या एका मॅटवर नोंद झाली नाही, तर तुम्ही तिथून गेलातच नाहीत असं यंत्र धरून चालतं. बिब छातीवर, सपाट, चारही टोकांना पिना लावून, एवढं साधं आहे ते. मागच्या बाजूला रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर लिहायची जागा असते, ती भरावी. दुसऱ्याचं बिब घालून धावणारा कोसळला, तर डॉक्टरांच्या हाती भलत्याच माणसाची माहिती पडते.

पुढची ओळ गटांची. आधीच्या शर्यतीतल्या वेळेनुसार धावपटूंना वेगवेगळ्या कप्प्यांत उभं करतात. वेगवान पुढे, सावकाश चालणारे मागे. मागच्याला यात अपमान वाटतो आणि तो पुढच्या गटात घुसतो. पण मग त्याला ओलांडण्यासाठी पन्नास जणांना आडवंतिडवं पळावं लागतं, आणि त्यांच्या ओघात त्याचेही पहिले दोन किलोमीटर नको तितक्या वेगात जातात.

शेवटच्या गटात राहण्याची किंमत मात्र खरी आहे. धावपटूची चिप-वेळ तो आरंभरेषेवरची मॅट ओलांडतो तेव्हा सुरू होते. पण मार्गावरचे कट-ऑफ अनेक शर्यतींत इशाऱ्याच्या बंदुकीपासून मोजले जातात. पत्रकात हे कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच वाचायचं राहून जातं.

एक उदाहरण करून पाहू. समजा, शर्यतीला एकूण ७ तासांची मुदत आहे आणि ३० किलोमीटरच्या खुणेवर ५ तासांचा कट-ऑफ. दोन्ही बंदुकीपासून. आपला धावपटू शेवटच्या गटात आहे आणि गर्दीतून आरंभरेषेपर्यंत पोचायला त्याला १२ मिनिटं लागतात. त्याने किलोमीटरला साडेनऊ मिनिटांचा वेग ठरवला आहे. ४२.१९५ किलोमीटरला ४०१ मिनिटं होतात, म्हणजे ६ तास ४१ मिनिटं. मुदतीला १९ मिनिटं शिल्लक, असं त्याला वाटतं. सुरुवातीची १२ धरली की उरतात ७. आता ३० किलोमीटरची खूण पाहा. तिथे पोचायला २८५ मिनिटं, अधिक १२, म्हणजे २९७. कट-ऑफ ३०० मिनिटांवर. हातात फक्त ३ मिनिटं! फिरत्या शौचालयाबाहेरची एक रांग लागली की हिशेब संपला. शेवटच्या रेषेकडे पाहून आखलेला वेग असा मधल्याच खुणेवर अडतो. म्हणून मधला प्रत्येक कट-ऑफ वेगळा मांडून पाहायचा. या हिशेबाने त्याने किलोमीटरला सव्वानऊ मिनिटांचा वेग धरावा. मग ३० किलोमीटरला साडेदहा मिनिटं हाताशी राहतात.

मधले कट-ऑफ ठेवण्याचं कारण रस्ता. वाहतुकीसाठी तो ठरल्या वेळी, टप्प्याटप्प्याने खुला करावा लागतो. मागून येणारी बस उरलेल्यांना उचलते, आणि ती थांबली तर चढावंच.

मग सुरुवातीलाच जोरात पळून मिनिटं साठवून ठेवली तर? हा मोह शेवटच्या गटात सर्वांत जास्त, आणि तोच सर्वांत महाग. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ६० किलोच्या माणसाला पूर्ण अंतरासाठी अडीच हजारांच्या आसपास लागतात. स्नायू आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली साखर सुमारे दोन हजारांची. उरलेला खर्च चरबी भागवते, पण चरबीतून ऊर्जा सावकाश सुटते. आपल्या आवाक्यापेक्षा जितकं जोरात पळावं, तितका साखरेचा वाटा वाढतो. पहिल्या दहा किलोमीटरांत मिळवलेली पाच मिनिटं मग तिशीनंतर वीस मिनिटं घेऊन जातात. पाय जड होतात, डोकं रिकामं वाटू लागतं. धावणारे त्याला ‘वॉल लागली’ म्हणतात. मुंबईच्या वर्षानुवर्षांच्या मार्गावर परतीचा पेडर रोडचा चढ नेमका इथेच, पस्तीस किलोमीटर उलटून गेल्यावर यायचा. त्यात पहाटेची विशीतली हवा तोवर तिशीकडे निघालेली असते आणि दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो. अंग थंड होतं ते घाम वाळल्याने. म्हणून पहिले पाच किलोमीटर ठरल्या वेगापेक्षा थोडे सावकाशच जाऊ द्यावेत.

राहिलं पाणी. पत्रकात पाण्याच्या जागा दिलेल्या असतात, समजा दर अडीच किलोमीटरला एक, म्हणजे सोळा. प्रत्येक ठिकाणी प्यायलंच पाहिजे असा समज आहे आणि तो सावकाश धावणाऱ्याला धोक्याचा आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपताच तपासलं गेलं. त्यातल्या १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम नेहमीच्या पातळीखाली गेलं होतं. ज्यांचं वजन शर्यतीत घटण्याऐवजी वाढलं आणि ज्यांना चार तासांहून अधिक लागले, त्यांच्यात हे प्रमाण जास्त होतं. वेगवान धावपटूला थांबून प्यायला फुरसतच नसते. सावकाश चालणारा प्रत्येक टेबलापाशी उभा राहून बाटली संपवतो.

आपला घाम किती, हे घरी मोजता येतं. सरावाआधी आणि नंतर वजन करा. समजा, तासाभरात ६० किलोचं ५९.८ झालं आणि मध्ये ३०० मिलिलिटर पाणी प्यायलात, तर घाम अर्धा लिटर गेला. साडेसहा तासांत सव्वातीन लिटर. सोळा ठिकाणी ३०० मिलिलिटर प्यायलात तर ४.८ लिटर पोटात जातात, म्हणजे दीड लिटर जास्त. इतका वेळ श्रम चालू असताना मूत्रपिंडं ते चटकन बाहेर टाकत नाहीत. रक्त पातळ होतं, पेशींत पाणी शिरतं, मेंदू सुजतो. शर्यतीचा दिवस सरावापेक्षा गरम असेल तर घामही वाढेल, त्यामुळे हा आकडा अंदाजाचाच. तहान लागली की प्यावं आणि या मापाच्या फार पुढे जाऊ नये.

गंमत नव्हे, पण पंचाईत अशी की मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण ही लक्षणं पाणी कमी पडल्यावरही दिसतात आणि जास्त झाल्यावरही. बोटं सुजून अंगठी घट्ट झाली असेल, तहान मुळीच नसेल, वजन वाढलं असेल, तर संशय जास्त पाण्याचा. अशा वेळी शेजारच्याने दयेपोटी पुढे केलेली बाटली घेऊ नये आणि वैद्यकीय तंबूत आपण किती प्यायलो ते आधी सांगावं. तिथले जाणकार डॉक्टर सोडियम तपासल्याशिवाय नेहमीचं सलाइन लावायची घाई करत नाहीत. सोडियम फार उतरलं असेल तर त्यांना ३ टक्क्यांचं, त्याहून कितीतरी खारट द्रावण थोडं थोडं द्यावं लागतं.