चिक्कीचा शेंगू : पात्र एक, जाहिराती चार

आज जरा वेगळ्या विषयावर बोलायचं आहे. आपल्यातले बरेच गट लाडू, चिक्की, नाचणीची बिस्किटं असा मुलांचा खाऊ करतात. हल्ली मोबाईलवर फिरवायला त्याच्या छोट्या जाहिरातीही करून घेतात. या जाहिरातींत एखादं कार्टून घ्यावं का, घेतलं तर ते कसं चालवावं, हे आम्ही करवीर तालुक्यातल्या एका चिक्कीच्या गटाबरोबर शिकलो. चुकत चुकत शिकलो म्हणून सांगावंसं वाटतं.

आधी एक साधी गोष्ट बघा. चार वर्षांच्या पोराला वाचता येत नाही, तरी दुकानात ते बरोबर हवा तोच पुडा दाखवतं. ते चित्र ओळखतं. पारले-जीच्या पुड्यावरचं मूल आठवा. ते अमक्या बाईंचं लहानपणीचं छायाचित्र आहे, अशी गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण ते छायाचित्र नाहीच. एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेतले चित्रकार मगनलाल दैया यांनी १९६० च्या दशकात ते काढलं. पुडा कागदाचा होता तो प्लास्टिकचा झाला, किंमत बदलली, पण मूल तेच राहिलं.

दुसरं उदाहरण अमूलच्या मुलीचं. मुंबईत १९६६ साली सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी तिला जन्म दिला. ती कधी क्रिकेटवर बोलते, कधी निवडणुकीवर. फलक सारखा बदलतो, प्रसंगाप्रमाणे कपडेही बदलतात. पण निळे केस, गोबरे गाल आणि मिश्कील स्वभाव बदलत नाही. म्हणून फलकावर बोळा फिरवून नाव पुसलं तरी ती कुणाची, ते कळतं.

आणि २००९ च्या आयपीएलच्या वेळचे ते पांढरे, मोठ्या डोक्याचे झूझू आठवतात? ते कार्टून वाटायचे, पण आत पांढरा पोशाख घातलेली खरी माणसं होती. ओगिल्व्ही या संस्थेने व्होडाफोनसाठी त्यांच्या सुमारे तीस छोट्या जाहिराती केल्या. प्रत्येक जाहिरातीत पात्रं तीच, जग तेच, पण सेवा मात्र एकच आणि दर वेळी वेगळी. मालिकेचं सूत्र एवढंच आहे. पात्र बदलायचं नाही, प्रसंग बदलायचा, आणि एका जाहिरातीत एकच गोष्ट सांगायची.

आता आमच्या गटाची कथा. शेंगदाण्याची गुळाची चिक्की, दहा रुपयांची पट्टी. पात्र ठरलं शेंगू, म्हणजे कोल्हापुरी फेटा बांधलेली शेंग. शेंगेला मध्ये कंबर असते, वर फेट्याचा तुरा. आम्ही चित्र पूर्ण काळं करून पाहिलं, तरी सावलीवरून शेंगू ओळखू आला. मग नखाएवढं करून पाहिलं, तरी ओळखू आला. या दोन परीक्षा तुम्हीही घ्या. कारण पट्टीवरच्या कागदावर आणि मोबाईलच्या पडद्यावर पात्र तेवढंच दिसणार असतं. आणखी एक सांगतो. टीव्हीवरचं गाजलेलं कार्टून उचलून आपल्या पुड्यावर लावायचं नाही. ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं आणि त्यावर दावा होऊ शकतो.

पहिली चूक इथेच झाली. पहिल्या जाहिरातीत शेंगू फटफटीवर बसून डोंगरावरून उडाला, चोराला पकडलं, आणि शेवटी हातात चिक्की घेऊन हसला. पोरं खूश! पण दोन दिवसांनी गटातल्या एका ताईंनी गल्लीतल्या पोरांना विचारलं, "शेंगूनं काय केलं रे?" तर सगळी ओरडली, "गाडी उडवली!" "आणि खाल्लं काय?" तर कुणी म्हणालं चॉकलेट, कुणी म्हणालं काहीच नाही. पात्र लक्षात राहिलं, पदार्थ विसरला. जाहिरातीची करमणूक झाली आणि चिक्की तिथेच राहिली.

मग आम्ही गोष्ट उलटी धरली. चिक्की नसेल तर गोष्ट घडूच नये, अशी. शेंगूचा स्वभाव एकच ठरवला : तो चिक्की मोडतो आणि वाटतो. चिक्की मोडताना 'कडक्' असा आवाज येतो, तो आवाज प्रत्येक जाहिरातीत घेतला. वीस सेकंदांची वाटणी अशी केली. पहिली तीन सेकंदं शेंगू दिसतो. पुढची दहा सेकंदं अडचण : दोन मुलं झोपाळ्यासाठी भांडतात. पुढची चार सेकंदं 'कडक्', चिक्कीचे दोन तुकडे आणि भांडण मिटतं. शेवटची तीन सेकंदं पट्टी, नाव आणि किंमत, दर वेळी त्याच जागी. वीस सेकंदांत मराठीचे चाळीसेक शब्दच नीट बोलता येतात, म्हणून बोलणं कमी ठेवलं. दुसऱ्या जाहिरातीत खोखोचा डाव, तिसरीत पावसात अडकलेली शाळेची वाट, चौथीत रुसलेली आजी. मोडणं आणि वाटणं तेच. आता पोरांना विचारलं तर आधी "कडक्!" म्हणतात आणि मग चिक्की म्हणतात. तो आवाज आपल्या या रेडिओवरही चालतो, तिथे तर चित्रही नसतं.

दुसरी चूक पैसे वाचवताना झाली. एक जाहिरात एका पोराकडून करून घेतली, पुढची दुसऱ्याकडून. फेटा भगव्याचा लाल झाला, कंबर गेली, आवाज दुसऱ्याच माणसाचा. एक चिमुरडी म्हणाली, "ह्यो शेंगू न्हाई, त्याचा भाऊ हाय." तिनं आमचं डोकं ठिकाणावर आणलं. तेव्हा आम्ही शेंगूचा एक कागद करून घेतला. त्यावर तो समोरून, बाजूने आणि पाठीमागून काढलेला, पाच चेहरे, म्हणजे हसरा, रुसलेला, दचकलेला, विचारात पडलेला आणि झोपाळू, रंगांचे नेमके क्रमांक, आणि शेजारी उभ्या मुलाच्या मानाने त्याची उंची. आवाज देणारी व्यक्तीही एकच ठेवली. पुढे काम कुणालाही दिलं तरी आधी हा कागद हातात द्यायचा.

यात पैसेही वाचतात. हलत्या चित्राच्या एका सेकंदाला पंचवीस चौकटी लागतात, म्हणजे वीस सेकंदांना पाचशे. प्रत्येक नव्याने काढायची तर परवडणार नाही. म्हणून हात, पाय, डोळे, ओठ सुटे काढून कठपुतळीसारखे जोडतात आणि संगणकावर हलवतात. चालणं एकदा केलं की चारही जाहिरातींत वापरता येतं. खर्च पहिल्या जाहिरातीत जास्त येतो, पुढच्यांत कमी. म्हणून दर ठरवताना चार जाहिरातींचा एकत्र ठरवा, सुट्या एकेकीचा नको.

तिसरी चूक मात्र पैशाची नव्हती. चौथ्या जाहिरातीत शेंगू रांगत्या बाळाला चिक्कीचा तुकडा देत होता. दाखवल्यावर अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "हे काढा आधी. एवढ्याशा लेकराच्या घशात दाणा अडकला म्हणजे?" आम्ही गप्प झालो. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा शेंगदाणा देऊ नये, श्वास अडकू शकतो. आणि कार्टून बघायला सगळ्यात आधी धावतं ते नेमकं तेच वय. तो प्रसंग काढला, बाळाच्या जागी आजी आली. आता चारही जाहिरातींतली मुलं शाळेच्या वयाची आहेत, आणि पट्टीवर लहान मुलांबद्दलची सूचना ठळक छापली आहे.

मैत्रिणींनो, पोरांना शेंगूचं बोलणं आईच्या बोलण्यापेक्षा लवकर पटतं, म्हणूनच सरकारने नियम केले आहेत. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जाहिरातींची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार मुलांना थेट 'घे' म्हणायचं नाही, आईबापाकडे हट्ट धरायला सांगायचं नाही. हा खाऊ नसेल तर मित्र हसतील, असं सुचवायचं नाही. मुलं अनुकरण करतील अशी धोक्याची कामं दाखवायची नाहीत. आमची उडणारी फटफटी त्यातच बसत होती. चिप्स, थंड पेयं आणि तशा खाण्याची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात लावायला मनाई आहे. 'खा आणि उंच व्हा', 'बुद्धी वाढते' अशा पुराव्याशिवायच्या वाक्यांनाही फाटा द्या. 'साखर नाही' असंही म्हणू नका, कारण गूळ हीसुद्धा साखरच. आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त साखर, मीठ किंवा चरबीचा खाऊ विकायचा नाही आणि त्याची जाहिरातही करायची नाही, असा अन्नसुरक्षा विभागाचा नियम आहे. म्हणून शेंगूचा फलक आम्ही शाळेच्या भिंतीवर लावला नाही, बाजारात लावला.

चिलीमध्ये तर २०१६ पासून जास्त साखर-मिठाच्या खाऊच्या पुड्यावर कार्टूनच छापता येत नाही. तिथे मोठ्या कंपन्यांना आपले वाघ आणि चित्ते पुड्यावरून काढावे लागले. आपल्याकडे तशी बंदी नाही, पण म्हणून जपून वागायचं नाही असं थोडंच आहे?

आता शेवटची गोष्ट. शेंगू कुणाचा? आम्हाला वाटायचं, पैसे दिले म्हणजे आपला. पण चित्र काढणाऱ्याचा हक्क लेखी करार करून आणि सही घेऊनच आपल्याकडे येतो. करारात मुदत लिहिली नाही तर तो पाच वर्षांपुरताच धरला जातो. म्हणून कागदावर मुदत लिहून घ्या, आणि मूळ सुटी चित्रंही पेन ड्राइव्हवर मागून घ्या. पात्राचं नाव आणि चित्र व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येतं. एका व्यक्तीला किंवा नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये फी आहे, नोंद दहा वर्षं टिकते आणि पुढे वाढवता येते. अर्ज गटाच्या नावाने करायचा की एका सदस्येच्या, हे आधी बैठकीत ठरवून ठरावात लिहा. नाहीतर उद्या ती गटातून बाहेर पडली, तर शेंगूही तिच्याबरोबर जाईल.

तर पुढच्या बैठकीत एक काम करा. तुमच्या पुड्यावरचं चित्र चार पोरांना दाखवा, मग झाकून ठेवा आणि दोन दिवसांनी एवढंच विचारा, "तो काय खात होता?" उत्तर बरोबर आलं तरच पुढच्या जाहिरातीचे पैसे द्या.